डोकेदुखी: किती दुखतं, यापेक्षा कसं सुरू झालं

डोकं किती जोरात दुखतंय यावरून धोका ठरत नाही. डोकेदुखीबद्दलचा सगळ्यांत पक्का गैरसमज हाच आहे. अर्धशिशीचा जोरदार झटका माणसाला अंधाऱ्या खोलीत दिवसभर आडवं पाडतो, उलट्या करायला लावतो, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस कामावर हजर असतो. याउलट क्षयाच्या जंतूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात पहिला आठवडाभर डोकं नुसतं जड असतं, पॅरासिटामॉलने थोडा आराम पडतो, आणि घरातलं कुणी त्याकडे लक्षही देत नाही. म्हणून ‘दहापैकी किती दुखतंय?’ हा प्रश्न वेदनाशामक ठरवायला उपयोगी असला, तरी धोका ओळखायला जवळजवळ निरुपयोगी आहे. उपयोगी प्रश्न दोन आहेत: दुखणं सुरू कसं झालं, आणि ते तुमच्या नेहमीच्या दुखण्यासारखं आहे का?

वैद्यकात डोकेदुखीचे दोन ढीग करतात. एकात दुखणं हाच आजार असतो: अर्धशिशी, ताणाची डोकेदुखी, आणि क्वचित दिसणारी, एका डोळ्याभोवती ठरावीक वेळेला उठणारी क्लस्टर डोकेदुखी. दुसऱ्या ढिगात दुखणं हे दुसऱ्या कशाचं तरी लक्षण असतं: मेंदूभोवतीचा रक्तस्राव, मेंदूच्या आवरणाचा संसर्ग, शिरेत साकळलेलं रक्त, डोक्यातला वाढलेला दाब. दवाखान्यात येणारे बहुतेक रुग्ण पहिल्या ढिगातले असतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. शंभर वेळा साधं निघालेलं दुखणं एकशे एकाव्या वेळीही साधंच असेल, असं रुग्णाला वाटतं, घरच्यांना वाटतं, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांनाही वाटू शकतं.

आपल्याकडे त्यात तयार स्पष्टीकरणांची भर पडते. उलटी झाली की पित्त. कपाळ दुखलं की सायनस. मान आखडली की स्पाँडिलायटिस. बीपी जास्त भरलं की बीपीचं डोकं. यातलं एकही सर्वस्वी खोटं नाही, पण एकदा स्पष्टीकरण मिळालं की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. पित्ताचंच बघा. अर्धशिशीत जठराची हालचाल मंदावते, मळमळतं, उलटीनंतर अनेकांना बरं वाटतं, म्हणून ‘पित्त पडलं, डोकं उतरलं’ हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरत आला. पण मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यावर आणि डोक्यातला दाब वाढल्यावरही उलटी होते. नुसती उलटी अर्धशिशी आणि धोक्याचं दुखणं यांना वेगळं करू शकत नाही. बीपीचंही तसंच. साधारण वाढलेल्या रक्तदाबाने सहसा डोकं दुखत नाही, उलट दुखण्यानेच रक्तदाब चढतो. 160/100 हा आकडा दिसला म्हणून कारण सापडलं असं समजणं घाईचं असतं.

धोका ओळखण्याच्या खुणांच्या याद्या आहेत. अमेरिकेतले डोकेदुखीतज्ज्ञ डेव्हिड डॉडिक यांची इंग्रजी आद्याक्षरांची यादी 2003 पासून प्रचलित झाली, आणि 2019 मध्ये ती वाढून पंधरा खुणांची झाली. विद्यार्थ्यांना पाठ करायला ती उत्तम आहे. पण पंधराही खुणांचं वजन सारखं नाही, आणि सगळ्या एका दमात वाचल्या की घाबरून जाण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. मला काळाच्या क्रमाने पाहणं अधिक उपयोगाचं वाटतं. काही आजार सेकंदांत सुरू होतात, काही दिवसांत चढत जातात, काही आठवड्यांत पसरतात. यातलं पहिलं टोक सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून तिथे जास्त थांबू.

क्षणात शिखर गाठणाऱ्या दुखण्याला इंग्रजी परिभाषेत थंडरक्लॅप म्हणतात. व्याख्या नेमकी आहे: दुखणं सुरू झाल्यापासून एका मिनिटाच्या आत त्याने कमाल तीव्रता गाठलेली असते. सेकंदांतही गाठू शकतं. अशा रुग्णांमध्ये मेंदूभोवतीच्या आवरणांमधल्या पोकळीत रक्त सांडलेलं असण्याची शक्यता इतकी मोठी असते की ती नाकारल्याशिवाय कुणालाही घरी पाठवता येत नाही. मार लागलेला नसताना या रक्तस्रावाचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीला आलेला फुगा फुटणं. असा फुगा साधारण तीन टक्के प्रौढांमध्ये असतो आणि बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. फुटला तर मात्र फार मोठी हानी होते. रक्तस्राव तात्पुरता थांबला तरी फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो, आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा बराच अधिक जीवघेणा असतो. ‘आज बघू, उद्या जाऊ’ इथे महागात पडतं ते यामुळे.

एक नमुना घेऊ. व्यक्ती कल्पित आहे, घटनाक्रम मात्र या आजाराच्या नेहमीच्या वाटेने जाणारा आहे. तालुक्याच्या गावातल्या सत्तेचाळीस वर्षांच्या शिक्षिका. कॉलेजात असल्यापासून अर्धशिशी. सकाळी पावणेसात वाजता पाण्याची भरलेली बादली उचलताना डोक्याच्या मागच्या बाजूला एकाएकी भयंकर कळ आली. त्या तिथेच बसल्या. दोनदा उलटी झाली. घरात निदान तयार होतं: काल उपवास होता, पित्त झालं. पित्ताची गोळी आणि नेहमीची वेदनाशामक गोळी दिली. नऊ वाजेपर्यंत दुखणं निम्म्यावर आलं. बाई म्हणाल्या, शाळेला जाते.

इथे पहिला सापळा आहे. गोळीने आराम पडला म्हणजे दुखणं साधं, हा निष्कर्ष चुकीचा आहे. रक्तस्रावाचं दुखणंही पॅरासिटामॉलने, इतकंच काय, अर्धशिशीच्या खास ट्रिप्टान गोळ्यांनीही कमी झाल्याच्या नोंदी आहेत. गोळीला मिळालेला प्रतिसाद हा निदानाचा पुरावा होऊ शकत नाही.

नवऱ्याने आग्रह केला म्हणून त्या दहा वाजता फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. बीपी 160/100. हातपाय व्यवस्थित, बोलणं स्पष्ट, ताप नाही. ‘बीपी वाढलंय आणि जुनी अर्धशिशी आहे’ असं म्हणून गोळी लिहून देता आली असती, आणि अनेक ठिकाणी तसंच झालं असतं. अशी चूक फक्त आपल्याकडेच होते असं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल झालेल्या 482 रुग्णांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी बारा टक्क्यांचं निदान आधीच्या भेटीत चुकलं होतं, सर्वाधिक वेळा ‘अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी’ असं लेबल लागलं होतं, आणि चुकण्याचं मुख्य कारण होतं स्कॅन न करणं. चूक झालेले बरेचसे रुग्ण पहिल्या भेटीत शुद्धीवर, चालते-बोलते होते. म्हणजे ज्यांना वाचवणं सगळ्यांत सोपं, तेच हातून निसटत होते.

आपल्या गोष्टीतल्या डॉक्टरांनी मात्र आधी दुखण्याची कहाणी विचारली. ‘तुमची नेहमीची अर्धशिशी कशी चढते?’ बाई म्हणाल्या, आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा येतात, पंधरा-वीस मिनिटांत त्या जातात, मग एका बाजूला ठणकायला लागतं आणि तासाभरात वाढतं. ‘आणि आज?’ ‘आज बादली उचलली आणि त्याच क्षणी.’ दुखणं सुरू झालं तेव्हा नेमकं काय करत होतो हे ज्याला ठामपणे सांगता येतं, त्याच्याकडे गांभीर्याने पाहावं. हळूहळू चढणाऱ्या दुखण्याचा असा क्षण सहसा सांगता येत नाही. मग डॉक्टरांनी मान तपासली. डावी-उजवीकडे वळत होती, पण हनुवटी छातीला टेकवताना अडत होती. मणक्याच्या झिजेत मान सगळ्याच दिशांना, विशेषतः बाजूला वळवताना दुखते. आवरणाला त्रास झाला असेल तर पुढे वाकवणं अडतं. अर्थात ही खूण उमटायला काही तास लागू शकतात. पहिल्या तासात मान मऊ लागली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

मार लागलेला नाही, नवा अशक्तपणा नाही, आणि तासाभराच्या आत शिखर गाठलेलं दुखणं आहे, अशा शुद्धीवरच्या रुग्णांसाठी कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी 2013 मध्ये सहा प्रश्नांचा एक नियम प्रसिद्ध केला. वय चाळीस किंवा जास्त आहे का? मान दुखते किंवा आखडली आहे का? शुद्ध हरपलेली कुणी पाहिली का? श्रम करताना सुरू झालं का? क्षणात शिखर गाठलं का? तपासताना मान पुढे वाकवायला अडते का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर तपासणी करायची. 2,131 रुग्णांच्या त्या अभ्यासात रक्तस्रावाचा एकही रुग्ण या जाळ्यातून सुटला नाही. पण रक्तस्राव नसलेल्यांपैकी जेमतेम पंधरा टक्क्यांनाच या नियमाने तपासणीविना मोकळं केलं. बाकीच्यांचा स्कॅन ‘उगाच’ झाला. धोक्याच्या खुणांचं गणित असंच असतं, त्या मुद्द्याकडे पुन्हा येऊ. आपल्या शिक्षिकेची किमान चार उत्तरं ‘हो’ होती.

आता सीटी स्कॅन. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या सहा तासांत, आधुनिक यंत्रावर काढलेला आणि जाणकार रेडिओलॉजिस्टने वाचलेला साधा सीटी या रक्तस्रावासाठी जवळजवळ निर्णायक असतो. ओटावाच्याच गटाच्या 2011 च्या अभ्यासात सहा तासांच्या आत स्कॅन झालेल्या 953 जणांपैकी रक्तस्राव असलेल्या सर्व 121 जणांचा स्कॅनमध्ये पत्ता लागला. सहा तासांनंतर मात्र हे प्रमाण सुमारे 86 टक्क्यांवर घसरलं, कारण सांडलेलं रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात मिसळून विरळ होत जातं. बाईंचे सहा तास पावणेएकला संपत होते. जिल्ह्याच्या गावी पोचून, नंबर लागून स्कॅन झाला सव्वातीनला. रिपोर्ट आला: नॉर्मल.

हा दुसरा सापळा, आणि माझ्या मते सगळ्यांत धोकादायक. सव्वातीनच्या नॉर्मल रिपोर्टवर घरी पाठवता येत नाही, कारण ती साडेआठ तासांनंतरची तपासणी आहे. पुढची पायरी म्हणजे कमरेतून सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढणं. आपल्याकडे ‘मणक्यातलं पाणी काढणार’ म्हटलं की नातेवाईक दचकतात, लकवा होईल म्हणून नकार देतात. सुई जिथे घालतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, त्यामुळे ती भीती अनाठायी आहे. नंतर काही दिवस उठल्यावर डोकं दुखणं हा नेहमीचा त्रास, तोही बहुधा आपोआप जातो. बाईंची ही तपासणी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे बारा तास उलटल्यावर झाली. एवढा वेळ देण्याचं कारण असं की सांडलेल्या रक्तपेशी फुटून त्यांचा पिवळा रंग पाण्यात उतरायला साधारण तेवढा काळ लागतो. सुई टोचताना चुकून लागलेलं रक्त लाल दिसतं, आधीपासून सांडलेलं रक्त पिवळेपणा देतं. बाईंचं पाणी पिवळसर होतं. मग हातातून डाय देऊन धमन्यांचा सीटी अँजिओग्राम केला. हल्ली अनेक मोठ्या रुग्णालयांत हा आधीच, पहिल्या स्कॅनला जोडूनच करतात. मेंदूच्या पुढच्या दोन धमन्यांना जोडणाऱ्या छोट्या धमनीवर पाच मिलिमीटरचा फुगा सापडला.

दुसऱ्या दिवशी जांघेतून नळी घालून तो फुगा प्लॅटिनमच्या बारीक तारेने भरला. दुसरा मार्ग असतो कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावण्याचा. कोणता निवडायचा हे फुग्याच्या जागेवर आणि आकारावर ठरतं. पुढचे तीन आठवडे निमोडिपिनच्या गोळ्या, दर चार तासांनी 60 मिलिग्रॅम, रात्रीही उठवून. कारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मेंदूच्या धमन्या आकसतात आणि वाचलेल्या रुग्णाला पक्षाघात होऊ शकतो. बाई त्यातून बाहेर आल्या. या आजारात जवळपास एक तृतीयांश रुग्ण दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांची स्मरणशक्ती आणि उमेद पूर्वीसारखी राहत नाही.

क्षणात शिखर गाठणारं प्रत्येक दुखणं फुग्याचं नसतं. काहींच्या मेंदूच्या धमन्या तात्पुरत्या आकसतात, आणि तसंच दुखणं आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा पुन्हा येतं, बऱ्याचदा शौचाला जोर करताना, खोकताना किंवा संभोगाच्या वेळी. शेवटच्या कारणामुळे लोक डॉक्टरांना खरं सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी लाजून अर्धवट सांगतात. कधी मानेतली धमनी आतून चिरलेली असते: मानेच्या एका बाजूला दुखणं, त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली लहान. पापणी खाली आली आणि बाहुली मोठी झाली असेल, तर फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी अँजिओग्राम करावा लागतो.

दुसरं टोक म्हणजे दिवस-आठवड्यांत चढणारं दुखणं. इथे आपल्या देशाची यादी पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा वेगळी लागते. जिवाणूंचा तीव्र मेंदूज्वर ओळखायला तसा सोपा असतो. जोरदार ताप, ताठ मान, उजेड सहन न होणं, तासातासाला वाढणारी गुंगी, काहींना अंगावर जांभळे चट्टे. यात प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवं, आणि हे लोकांना समजतं. कळत नाही तो क्षयाचा मेंदूज्वर. ताप बारीक असतो, संध्याकाळचा. भूक मंदावते, वजन उतरतं. डोकं रोज दुखतं, आणि काल होतं त्यापेक्षा आज थोडं जास्त. शांत माणूस चिडचिडा होतो, मूल शाळेत लक्ष देत नाही, आणि घरचे म्हणतात अभ्यासाचा ताण. या काळात टायफॉइड म्हणून, सायनस म्हणून दोन-तीन कोर्स होऊन जातात. मग एके दिवशी एकाचे दोन दिसू लागतात, गुंगी येते, फीट येते.

या आजारात रुग्ण कितपत बरा होणार हे बरंचसं उपचार कोणत्या टप्प्यावर सुरू झाले यावर ठरतं. पूर्ण शुद्धीवर असताना सुरू झाले तर चित्र चांगलं असतं. गुंगीत गेल्यावर औषधं तीच असली तरी निकाल तसा मिळत नाही. म्हणून ताप आणि डोकेदुखी दोन्ही आठवड्यापेक्षा जास्त चालली, तर तो वेगळा आजार समजून तपासावा. साधा सीटी इथे सुरुवातीला नॉर्मल असू शकतो. निदान पुन्हा कमरेतल्या पाण्यातच आहे: लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, प्रथिनं जास्त, साखर कमी, सोबत सीबीनॅट चाचणी. सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी क्षय नाही असं ठरत नाही, कारण पाण्यात जंतू फार कमी असतात. एचआयव्ही, मधुमेह, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांसाठी ही शंका आणखी लवकर घ्यायला हवी.

बाळंतिणीची डोकेदुखी हा स्वतंत्र विषय आहे, आणि आपल्याकडे तिच्याकडे जितकं दुर्लक्ष होतं तितकं क्वचितच दुसरीकडे होत असेल. झोप नाही, अंगात रक्त नाही, वारं लागलं, अशी घरातली कारणं. सिझेरियन झालं असेल तर ‘मणक्यातल्या इंजेक्शनमुळे’. ते कारण खरंही असतं, आणि त्याची ओळख स्पष्ट आहे: उठून बसलं की दुखतं, आडवं झालं की काही मिनिटांत कमी होतं. ज्या दिवशी हा नियम मोडेल, म्हणजे आडवं होऊनही दुखत राहील, त्या दिवशी पुन्हा तपासायला हवं. एक शक्यता रक्तदाबाची. गर्भारपणातला रक्तदाबाचा विकार प्रसूतीबरोबर संपतो असा समज आहे, पण तो प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत उफाळू शकतो. डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके, वरच्या पोटात दुखणं आणि 140/90 च्या वरचा रक्तदाब असेल तर फीट येण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट मिळायला हवं. 160/110 झाला की वाट पाहायचीच नाही.

दुसरी शक्यता मेंदूतलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होण्याची. बाळंतपणानंतरच्या काळात रक्त साकळण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, त्यात बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी पद्धत अजूनही काही घरांत आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही हा धोका वाढतो. सणावारासाठी, पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून घेणाऱ्या मुलींनी, त्या गोळ्या सुरू असताना नवी डोकेदुखी झाली तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण ‘काही औषध चालू आहे का’ या प्रश्नाला त्या गोळ्यांचं नाव कुणी घेत नाही. इथेही साधा सीटी बऱ्याचदा फसवतो. शिरांचा खास एमआर किंवा सीटी व्हेनोग्राम मागावा लागतो. शंकाच घेतली नाही तर तो कुणी मागत नाही.

पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच डोकं दुखू लागलं, तर ती अर्धशिशी समजू नये. अर्धशिशी बहुतेकांना तारुण्यात किंवा त्याआधी सुरू होते. वयस्कांमध्ये दोन गोष्टी बघाव्यात. महिन्या-दीड महिन्यापूर्वी मोरीत घसरले, डोक्याला टेंगूळ आलं आणि विसरून गेले. आता डोकं दुखतं, चालताना झोक जातो, बोलणं थोडं असंबद्ध होतं. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठण्याची ही गोष्ट असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मार अगदी किरकोळ असला तरी पुरतो. घरचे याला म्हातारपण म्हणतात. कवटीला छोटं छिद्र पाडून ते रक्त काढलं की यातले बरेच जण पुन्हा पूर्वीसारखे चालू-बोलू लागतात. दुसरा आजार कानशिलाजवळच्या धमनीच्या दाहाचा. आपल्याकडे तो युरोपाच्या मानाने विरळ दिसतो, पण चुकला तर डोळा जातो. केस विंचरताना टाळू दुखते, आणि भाकरी चावताना जबडा दमतो, थांबलं की बरं वाटतं. शंका पक्की असेल तर तपासण्यांचे निकाल येईपर्यंतही स्टेरॉइड थांबवत नाहीत.

एक कारण शरीराबाहेरचं आहे. थंडीच्या दिवसांत, खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळ करताना डोकं दुखणं, गरगरणं, कोसळणं. किंवा बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या सगळ्या घराला एकाच वेळी डोकेदुखी. हा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यात खोटा चांगला आकडा दाखवतं. बाहेर पडल्यावर बरं वाटणं आणि घरात आल्यावर पुन्हा दुखणं, एकाच छताखालच्या अनेकांना दुखणं, या दोन गोष्टींवर तो ओळखायचा. माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणायचं आणि रुग्णालयात ऑक्सिजन लावायचा.

आता खुणांच्या मर्यादांविषयी, कारण त्या सांगितल्या नाहीत तर असा लेख फक्त भीती पसरवतो. ओटावाच्या नियमाचं वर पाहिलं, तसंच जवळजवळ प्रत्येक खुणेचं आहे: ती धोका असलेल्यांना पकडते, पण धोका नसलेल्या खूप जणांनाही पकडते. ब्रेन ट्यूमरची भीती घेऊन येणारे बरेच असतात. दुसरं काहीच लक्षण नसताना केवळ डोकेदुखी हे ट्यूमरचं एकमेव रूप असणं विरळ आहे. सोबत काहीतरी असतंच: फीट, एका बाजूचा अशक्तपणा, वागण्यातला बदल, किंवा दाब वाढल्याच्या खुणा, म्हणजे पहाटे जागं करणारं, खोकल्यावर-वाकल्यावर वाढणारं आणि आठवड्यागणिक चढणारं दुखणं. दाब वाढला की नाही हे पाहायला डॉक्टर डोळ्याच्या मागचा पडदा तपासतात. पाच मिनिटांची ही तपासणी अनेक दवाखान्यांतून हद्दपार झाली आहे आणि तिच्या जागी सरसकट एमआरआय आला आहे, हे मला पटत नाही. वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने येणारं, मधल्या दिवसांत पूर्ण थांबणारं दुखणं आणि नॉर्मल तपासणी असेल, तर स्कॅन न करणं हा निष्काळजीपणा नव्हे.

अर्धशिशीतले डोळ्यांपुढचे प्रकारही असेच घाबरवतात. चमकत्या रेघा हळूहळू पसरल्या, पाच ते साठ मिनिटांत गेल्या आणि आधीही तसंच झालं असेल, तर ती बहुधा अर्धशिशीच. नजर, बोलणं किंवा हात एकाएकी गेला, तर आधीची अर्धशिशी कितीही जुनी असो, तो पक्षाघात समजून निघायचं. आणि रोजच डोकं दुखणाऱ्यांनी गोळ्यांचा हिशेब मांडावा. साधी वेदनाशामक महिन्याला पंधरा दिवस, किंवा ट्रिप्टान आणि मिश्र गोळ्या दहा दिवस, असं तीन महिने चाललं की त्या गोळ्याच डोकं दुखवू लागतात. ही तातडीची बाब नाही, पण अशा रोजच्या दुखण्यात नवं, वेगळं दुखणं लपून जातं.

क्षणात उठलेलं दुखणं, ताप आणि ताठ मान, गुंगी किंवा फीट, दुहेरी दिसणं किंवा अवयवाचा अशक्तपणा, बाळंतपणातलं नवं दुखणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं: यातलं काही असेल तर सोबतीला माणूस घ्या, स्वतः गाडी चालवू नका, रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नका, आणि वेदनाशामक म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. तिथे पोचल्यावर ‘खूप डोकं दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. किती वाजता, काय करताना सुरू झालं, किती वेळात शिखराला पोचलं, आणि नेहमीच्या दुखण्यापेक्षा वेगळं काय आहे, हे आधी सांगा. सुरू झाल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णासोबत द्या, कारण सहा तासांची मोजणी तिथूनच होते.